रोजचे एकवीस रुपये

मागच्या ऑक्टोबरमधल्या एका रविवारी माझा मावसभाऊ नाशिकच्या गंगापूर रोडवर मिसळ खायला भेटला आणि बसल्या बसल्या त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. म्युच्युअल फंडाचं सहामाही स्टेटमेंट ईमेलनं आलं होतं. एरवी तो एकूण रक्कम पाहून ते बंद करतो. या वेळी खालपर्यंत गेला आणि एका रकान्यात अडकला. डिस्ट्रिब्युटरला दिलेलं कमिशन : 3,240 रुपये.

"दादा, मी तर कुणाला काही दिलंच नाही. हे कुणी दिलं?"

"तूच दिलंस."

"कधी?"

"रोज."

तो अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि पाच वर्षांपासून एका शेअर बाजारातल्या फंडात दरमहा 10,000 रुपयांची एसआयपी भरतो. पूर्वी विम्याचं काम बघणाऱ्या कॉलनीतल्या काकांनीच ही एसआयपीसुद्धा चालू करून दिली. सहा लाख भरून झालेत आणि त्याचे साधारण 7 लाख 78 हजार झालेत. त्याच्या बँक खात्यातून दरमहा दहा हजारच जातात, एक रुपयाही जास्त नाही. मग हे 3,240 आले कुठून?

त्याच स्टेटमेंटमध्ये त्या फंडाचा सरासरी एक्स्पेन्स रेशो, म्हणजे जमलेल्या रकमेतून वर्षाला खर्चापोटी कापला जाणारा टक्का, दिला होता. रेग्युलर प्लॅनचा 1.50 टक्के, डायरेक्ट प्लॅनचा 0.50 टक्के. फंड एकच, मॅनेजर एकच, त्यातले शेअर्सही तेच. फरक एवढाच की रेग्युलरमध्ये मधल्या माणसाचं कमिशन धरलेलं असतं आणि डायरेक्टमध्ये नसतं. डायरेक्ट प्लॅन ठेवणं शेअर बाजारावर आणि फंडांवर नजर ठेवणाऱ्या सेबीनं 1 जानेवारी 2013 पासून सगळ्या फंडांना सक्तीचं केलं. भावाचा अर्थातच रेग्युलर होता. त्याला दुसरा प्रकार असतो हेच ठाऊक नव्हतं.

हे पैसे कापतात कसे ते आधी बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. फंडाकडे लोकांचे एक हजार कोटी आहेत असं धरा. दीड टक्का म्हणजे वर्षाला पंधरा कोटी. ते वर्षाअखेरीस एकदम घेत नाहीत. 365 नं भागून रोज सुमारे चार लाख अकरा हजार बाजूला काढतात. संध्याकाळी बाजार बंद झाला की फंडातल्या सगळ्या शेअर्सची किंमत काढायची, त्यातून त्या दिवसाचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला लोकांकडच्या युनिट्सच्या, म्हणजे फंडातल्या हिश्श्यांच्या, संख्येनं भागायचं. जो आकडा येतो ती त्या दिवसाची एनएव्ही. आपल्याला दिसते ती ही, खर्च वजा झाल्यानंतरची. म्हणून पासबुकात कुठे 'शुल्क' म्हणून नोंद येत नाही, मोबाइलवर मेसेज येत नाही, बिल येत नाही. वीज मंडळानं बिल न पाठवता मीटरमध्येच परस्पर वजाबाकी केली असती तर आपण दिवे किती जाळतो याचा विचार कुणी केला असता, देव जाणे.

भावाच्या 7 लाख 78 हजारांवर दीड टक्का म्हणजे दिवसाला 32 रुपये. डायरेक्टमध्ये असता तर 11 रुपये कापले गेले असते. फरक रोजचे एकवीस रुपये.

"एकवीस रुपये?" तो हसला. "दादा, यात चहासुद्धा दोघांचा होत नाही."

इथेच बहुतेक लोक विषय सोडून देतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण एक टक्का हा शब्दच फसवा आहे. पहिला प्रश्न, एक टक्का कशाचा? ऐकणाऱ्याला वाटतं नफ्याचा. शंभर रुपये कमावले तर एक त्यांचा, नव्याण्णव आपले. पण हा टक्का नफ्यावर नाही, जमलेल्या सगळ्या रकमेवर आहे, मुद्दल धरून. आमच्याकडे आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची तेव्हाची गोष्ट ज्यांना आठवते त्यांना हे लगेच कळेल. लासलगावला कांदा विकला की टक्का विक्रीच्या एकूण रकमेवर बसायचा. भाव पडून उत्पादन खर्चही निघाला नाही तरी आडत ठरलेलीच. फंडाचंही तसंच आहे. बाजार वीस टक्क्यांनी पडलेल्या वर्षातही खर्च रोजच्या रोज कापला जातो. आणि पट्टी तरी एका मालाची एकदाच होते. इथे त्याच मालावर दरवर्षी आडत बसते, तो तुमच्या कांदाचाळीत पडून असला तरी.

आता हिशेब करू. एसआयपी जरा बाजूला ठेवा आणि एकरकमी एक लाख रुपये घ्या. खर्च कापण्याआधी बाजार वर्षाला 12 टक्के देतो असं धरू. प्रत्यक्षात तो असा सरळ रेषेत कधीच चालत नाही, पण खर्चाचा परिणाम समजायला सरळ रेष बरी. मुदत पंचवीस वर्षं.

खर्च शून्य असता तर एका लाखाचे 17 लाख झाले असते. अर्धा टक्का खर्चात ते 15 लाख होतात. दीड टक्का खर्चात 11 लाख 65 हजार.

दोन प्लॅनमधला फरक 3 लाख 35 हजार. म्हणजे मूळ गुंतवणुकीच्या तिप्पट रक्कम त्या एका टक्क्यात गेली.

दीड टक्क्याचा आकडा अजून उलगडून बघण्यासारखा आहे. 17 लाखांतून 11 लाख 65 हजार वजा केले की 5 लाख 35 हजार उरतात. ही एकूण झीज. पण पंचवीस वर्षांत फंडानं प्रत्यक्ष कापलेल्या रकमांची नुसती बेरीज केली तर ती 1 लाख 73 हजारच भरते. मग बाकीचे 3 लाख 62 हजार कुणी घेतले? कुणीच नाही. ते तयारच झाले नाहीत. पहिल्या वर्षी कापलेले सतराशे रुपये फंडात राहिले असते तर पुढची चोवीस वर्षं त्यांच्यावर परतावा मिळाला असता, त्या परताव्यावर पुन्हा परतावा. ते रोपटं लावलंच गेलं नाही, म्हणून त्याला लागलेली फळंही कुठल्या हिशेबात दिसत नाहीत. चक्रवाढ व्याज आपल्याला शाळेत शिकवतात ते वाढणाऱ्या बाजूनं. कापल्या जाणाऱ्या पैशालाही तेच गणित लागू होतं हे सरांनी कधी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

हे डोक्यात ठेवायला एक सोपा मार्ग आहे. दरवर्षी एक टक्का जातो म्हणजे प्रत्येक रुपयातले 99 पैसे उरतात. दुसऱ्या वर्षी त्या 99 चे 99 टक्के. असं पंचवीस वेळा केलं की 78 पैसे राहतात, तीस वेळा केलं की 74.

```
0.99^25 = 0.778
0.99^30 = 0.740
```

यात बाजारानं किती दिलं हा आकडा कुठेच नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाजार 8 टक्के देवो की 15, एकरकमी गुंतवणुकीतून एका जादा टक्क्यानं पंचवीस वर्षांत जाणारा वाटा तेवढाच, बावीस टक्के. परताव्याचा अंदाज चुकू शकतो, खर्चाचा हिस्सा चुकत नाही.

आता भावाच्या एसआयपीकडे परत येऊ. एसआयपीत नुकसानीचं प्रमाण थोडं कमी पडतं, कारण शेवटच्या वर्षांत भरलेल्या हप्त्यांवर ही कात्री थोडाच काळ चालते. दरमहा दहा हजार, पंचवीस वर्षं, एकूण भरणा तीस लाख. तेच 12 टक्के धरले तर डायरेक्टमध्ये 1 कोटी 55 लाख 80 हजार होतात आणि रेग्युलरमध्ये 1 कोटी 30 लाख 70 हजार. फरक 25 लाख, म्हणजे सोळा टक्के. पण तो फरक केव्हा तयार होतो ते पाहा. पाच वर्षांनी दोन्ही प्लॅनमधलं अंतर फक्त 22 हजार असतं. दहा वर्षांनी सव्वा लाख. पंधरा वर्षांनी 4 लाख 10 हजार, वीस वर्षांनी 10 लाख 80 हजार. आणि मग शेवटच्या पाच वर्षांत ते एकदम 25 लाखांवर जातं. पहिल्या वीस वर्षांत जेवढं गेलं त्याहून जास्त शेवटच्या पाचांत जातं.

म्हणून ही गोष्ट वेळेवर लक्षात येत नाही. जेव्हा बदल करणं सोपं असतं तेव्हा आकडा चहाच्या बिलाएवढा असतो, आणि आकडा डोळ्यांत भरतो तेव्हा बहुतेक वर्षं उलटून गेलेली असतात. आजचे एकवीस रुपये पंचविसाव्या वर्षी, 1 कोटी 30 लाखांवर, रोजचे जवळजवळ 360 झालेले असतात.

अर्थात पंचवीस वर्षांनंतरचे 25 लाख म्हणजे आजचे 25 लाख नव्हेत. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर आजच्या भावात ते सहा लाखांच्या थोडे खाली येतात. लोकांना घाबरवण्यासाठी हे आकडे वापरणारे ही वजाबाकी सोयीनं विसरतात. पण सहा लाख म्हणजे तरी त्याचे जवळजवळ पाच वर्षांचे हप्ते. तेवढे महिने ओव्हरटाइम करून भरलेले.

मिसळीचा दुसरा रस्सा येईपर्यंत त्याचा पुढचा प्रश्न तयार होता. फंडाच्या ॲपवर त्यानं दोन्ही प्लॅन शोधले होते. "दादा, पण डायरेक्ट महाग आहे ना. त्याची एनएव्ही जास्त आहे. तेवढ्याच पैशांत मला रेग्युलरची युनिट्स जास्त मिळतात."

ही चूक इतके लोक करतात की थांबून सांगायला हवी. दोन्ही प्लॅन एकाच दिवशी दहा रुपयांवर सुरू झाले असं समजा. वरच्याच हिशेबानं दहा वर्षांनी डायरेक्टची एनएव्ही 29.54 होईल आणि रेग्युलरची 26.70. आतला माल अगदी सारखा असताना हे अंतर पडलं ते केवळ रोजच्या कपातीमुळे. म्हणजे जास्त एनएव्ही ही महागाईची नव्हे, कमी झिजल्याची खूण आहे. युनिट्स किती मिळाली याला अर्थ नाही, तुमचे दहा हजार दोन्हीकडे दहा हजारांचेच शेअर्स घेतात. उलट कुठल्याही जुन्या फंडाच्या दोन एनएव्ही शेजारी ठेवल्या तर दहा-बारा वर्षांत त्या एका टक्क्यानं काय केलं ते कॅल्क्युलेटरशिवाय दिसतं.

तुमचा प्लॅन कुठला ते ओळखणं अवघड नाही. स्टेटमेंटमध्ये योजनेच्या लांबलचक नावात `Regular` किंवा `Direct` लिहिलेलं असतं. शिवाय फोलिओच्या, म्हणजे फंडातल्या तुमच्या खात्याच्या, तपशिलात एआरएन क्रमांक असेल तर मधे डिस्ट्रिब्युटर आहे. ॲपवरून स्वतः गुंतवणूक केली म्हणजे प्लॅन डायरेक्टच असतो असं मात्र धरून चालू नका. काही ॲप आणि बँकांची पोर्टल रेग्युलरच विकतात. सध्याचा एक्स्पेन्स रेशो प्रत्येक फंड कंपनीच्या वेबसाइटवर रोज जाहीर होतो. तो कायमचा नसतो. फंड वाढवू-कमी करू शकतो, फक्त सेबीनं घातलेल्या कमाल मर्यादेत. एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या टप्प्यांत शेअर बाजारातल्या फंडांना पहिल्या 500 कोटींवर 2.25 टक्के आणि 50,000 कोटींच्या वरच्या रकमेवर 1.05 टक्के अशी उतरती कमाल होती. फंड मोठा तर टक्का कमी, असा त्यामागचा विचार.

"मग काकांनी मला फसवलं?"

नाही. कमिशन कायदेशीर आहे, ते किती दिलं हे स्टेटमेंटमध्ये छापून येतं आणि त्याला वाचताही आलं. प्रश्न एवढाच की त्या पैशात काय मिळतं. माझ्या ओळखीच्या नाशिकरोडच्या एका निवृत्त शिक्षिका आहेत. 2020 च्या मार्चमध्ये बाजार कोसळला तेव्हा त्या सगळं काढून फिक्स्ड डिपॉझिटमध्ये टाकायला निघाल्या होत्या. त्यांचा डिस्ट्रिब्युटर दोनदा घरी येऊन बसला आणि त्यांना थांबवून गेला. त्या एका थांबण्यानं त्या माणसाचं कितीतरी वर्षांचं कमिशन वसूल झालं, कारण पडलेल्या बाजारात विकणं हे कुठल्याही एक्स्पेन्स रेशोपेक्षा महाग पडतं. भावाला विचारलं, काका तुला काय देतात? तो जरा आठवून म्हणाला, "दिवाळीला कॅलेंडर."

हा विचार ज्यानं त्यानं करायचा. माझं मत विचाराल तर ज्याला बाजार पडल्यावर झोप लागत नाही त्यानं सल्ल्याचे पैसे जरूर मोजावेत. पण आपण ते मोजतोय आणि किती मोजतोय हे माहीत असावं. भाऊ पडत्या बाजारात ॲपच उघडत नाही. त्याच्यासाठी कॅलेंडर महाग होतं.

बदलायचं ठरल्यावर त्याची पहिली कल्पना अशी होती की जुनं तसंच राहू दे, नवी एसआयपी डायरेक्टमध्ये चालू करू. सोपं वाटतं, पण आकडे दुसरं सांगतात. उरलेल्या वीस वर्षांचे हप्तेच डायरेक्टमध्ये गेले आणि जुने 7 लाख 78 हजार रेग्युलरमध्येच राहिले तर शेवटी 10 लाख 80 हजार वाचतात. जुनी रक्कमही हलवली तर 23 लाख 20 हजार. म्हणजे अर्ध्याहून जास्त बचत त्या आधीच जमलेल्या रकमेत आहे, कारण तिला पूर्ण वीस वर्षं वाढायचं आहे. आणि पहिली पाच वर्षं रेग्युलरमध्ये गेल्याचं दुःख फार करायलाही नको. 25 लाखांतले 23 लाख अजून त्याच्या हातात होते.

जुनी रक्कम हलवायला काही अडचणी असतात. त्याच फंडात रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाण्याला 'स्विच' म्हणतात, पण आयकराच्या दृष्टीनं ती विक्री आणि नवी खरेदी असते. शेअर बाजारातल्या फंडाची युनिट्स एक वर्षाहून जुनी असतील तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के कर. वर्षाच्या आतली असतील तर नफ्यावर 20 टक्के, आणि बहुतेक फंड लवकर बाहेर पडल्याबद्दल एक टक्का एक्झिट लोडही लावतात. ईएलएसएस, म्हणजे कर वाचवणारा फंड, असेल तर तीन वर्षांचं कुलूप आहे, तोवर हलताच येत नाही.

भावाचा एकूण नफा 1 लाख 78 हजार. शेवटच्या बारा हप्त्यांवरचा साडेसहा हजारांचा नफा सोडला तर दीर्घ मुदतीचा नफा 1 लाख 71 हजार उरतो. सगळं एकदम हलवलं तर सव्वा लाखाच्या वरच्या सेहेचाळीस हजारांवर सेससकट साधारण सहा हजार कर लागला असता. एक टक्का वाचल्यानं वर्षाला 7,800 मिळतात, म्हणजे कर भरूनही वर्षाच्या आत वसूल. पण तेही भरायची गरज नव्हती. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. थोडी युनिट्स मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये हलवली की दोन वर्षांची दोन वेगळी सवलत मिळते. एकच लक्षात ठेवायचं, विक्रीत सर्वांत जुनी युनिट्स आधी जातात आणि जास्त नफा त्यांच्यातच असतो. म्हणून अर्धी युनिट्स म्हणजे अर्धा नफा असं होत नाही. पहिल्या खेपेला सव्वा लाखाच्या आत राहायचं तर फंडाच्या वेबसाइटवरून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट काढून मोजावं लागतं.

त्यानं नोव्हेंबरपासून हप्ता डायरेक्टमध्ये वळवला. पहिली खेप मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसरी एप्रिलच्या पहिल्या. मागच्या एप्रिल ते ऑक्टोबरचे सात हप्ते अजून वर्षाचे झालेले नाहीत. ते तेवढे जुन्या प्लॅनमध्ये ठेवलेत, जसजसे वर्षाचे होतील तसतसे हलतील. त्यामुळे येत्या ऑक्टोबरच्या स्टेटमेंटमध्ये तो कमिशनचा रकाना रिकामा दिसणार नाही, पण 3,240 च्या जागी तिथे दोनशे-तीनशे असायला हवेत. आकडा त्याहून बराच मोठा दिसला तर एखादा फोलिओ राहून गेलाय असं समजायचं.